अर्ध्या किलोत बसवा

माझी पटकथा परवा वजनकाट्यावर ठेवली गेली. निर्मात्याचं ऑफिस त्याच्या मामांच्या होलसेल किराणा दुकानाच्या माळ्यावर आहे, त्यामुळे काटा हाताशी असतोच. मामांनी स्पायरल बाइंडिंगसकट बाड त्यावर ठेवलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "पाऊण किलोच्या वर जातंय. अर्ध्या किलोत बसवा."

राग आला. पण खरं सांगायचं तर काटा बरोबर होता. १४८ पानं होती. ढोबळ हिशोब असा की एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट, म्हणजे अडीच तासांच्या जवळ, आणि सिनेमा लांबला की थिएटरात दिवसाचा एखादा शो कमी बसतो. मराठीला मुळात शो किती मिळतात ते सगळ्यांना माहितीये, त्यातलाही एक घालवायचा म्हणजे निर्मात्याच्या पोटात गोळा येणारच. निर्माता म्हणाला ११५ करा, आणि दुसरा हप्ता त्यानंतर. (पहिला हप्ता मिळाला त्याची गोष्ट वेगळी, ती लिहायला बसलो तर परत १४८ पानं होतील.)

मामांनी लगेच उपाय दिला. "फॉन्ट बारीक करा की." मी म्हटलं, मामा, पान कमी होईल, सिनेमा नाही होणार. "मग मार्जिन?" पान-मिनिटाचा हिशोब मुळात इंग्रजीतल्या कुरिअर बारा पॉइंट फॉन्टवर बसवलेला, देवनागरीत तो आधीच डळमळतो, म्हणून मी घड्याळ लावून मोठ्यानं वाचतो. 'दोन्ही गावं भांडतात' ही एक ओळ असते आणि चार मिनिटं खाते. हे सगळं मी मामांना समजावत होतो तोवर ते गिऱ्हाइकाला तूरडाळ देऊन परत आले होते.

गोष्ट थोडक्यात सांगतो. एसटी कंडक्टर बाप आणि त्याची मुलगी. सिनेमा २००६ मध्ये उघडतो आणि तिथून मागे जातो. बाप असला कडक की घरच्यांचंही तिकीट फाडणार. १९९४ मध्ये मुलीला बारा पूर्ण होतात त्या दिवशी, वाढदिवसाचा फ्रॉक घालून ती बसमध्ये बसलेली असताना, हा तिला पहिलं फुल तिकीट देतो, कारण एसटीत हाफ बारापर्यंतच. पोरगी चिडून खिडकीकडे तोंड करते. शेवट परत २००६ मध्ये. मुलगी भांडून घर सोडून निघते आणि नेमकी त्याच्याच बसमध्ये चढते. तो ट्रेमधून तिकीट काढतो, पंच करतो, तिच्या हातात ठेवतो. हाफ. मग दुसरं हाफ फाडतो, स्वतःच्या खिशातले पैसे चामड्याच्या पिशवीत टाकतो, आणि ते तिकीट स्वतःच्या खिशात घालतो. संवाद नाही. माझ्या मते इथे लोक रडतात.

आता कापाकापी. मी प्रत्येक सीनला एकच प्रश्न विचारतो, हा काढला तर शेवटी बसमध्ये काय कळणार नाही? बाप बायकोचं तिकीट फाडतो, आमदाराच्या भाच्याचं फाडतो, एक म्हातारा पारावर बसून 'असा माणूस होणे नाही' म्हणतो, आणि वाढदिवसाचा फ्रॉक. चारही सीन एकच गोष्ट सांगत होते. भाचा गेला, म्हातारा गेला, बायको गेली. (भाच्याच्या सीनमध्ये चांगले हशे होते, जीव तुटला, पण हशा वेगळा आणि शेवटाची उधारी वेगळी.) फ्रॉक राहिला, कारण त्यात प्रामाणिकपणाही दिसतो आणि त्यानं पोरीला काय लागलं तेही.

पण नुसता फ्रॉक ठेवून भागत नाही. तो अठराव्या पानावर, हाफ तिकीट एकशेबाराव्या पानावर. मध्ये दीड तास, एक इंटरव्हल आणि एक समोसा. प्रेक्षक विसरतो. आधी मी मधे आठवणीसाठी अख्खा फ्लॅशबॅक लिहिला होता, तीन पानांचा, तो काढला आणि इंटरव्हलनंतरच्या भांडणात मुलीला एक वाक्य दिलं, "बारा वर्षांची झाले तेव्हापासून या घरात मला फुल तिकीटच आहे." भांडण तसंही लागणारच होतं, त्यामुळे आठवण फुकटात झाली.

बाकीची पानं चहात होती. माझी पात्रं दारात येतात, 'या या, बसा, चहा टाकते' म्हणतात, मग विषयाला येतात, आणि विषय संपल्यावर 'येतो मग' म्हणून जातात. सगळीकडे सीन चहानंतर सुरू केला आणि शेवटचं टोचणारं वाक्य झालं की तिथेच तोडला. नुसत्या आदरातिथ्याची पाच-सहा पानं निघाली.

मामांनाही कापायचं होतं. त्यांनी सहावं पान फाडायला लावलं. त्यात बाप डेपोत वे-बिलावर तारीख घालतो, तिकिटांचे नंबर लिहून ट्रे ताब्यात घेतो. "यात घडतं काय? माणूस हिशोब करतोय. ते आम्ही रोज करतो." निर्मात्यानं मान हलवली, पान गेलं. मग नवा ड्राफ्ट वाचून झाल्यावर हेच मामा बोट वर करून म्हणाले, "शेवटी चूक आहे. बायकांना हाफच असतं. त्यात रडायचं काय?"

मी म्हटलं, मामा, ती सवलत मार्च २०२३ पासून, आपली गोष्ट २००६ ची.

"ते कुठं कळतंय?"

वे-बिलावर कळत होतं, मामा. सहाव्या पानावर.

"मग ते पान काढलं कोणी?"

मी निर्मात्याकडे पाहिलं. निर्माता मोबाइलमध्ये. एरवी हा माणूस फोन कधी उचलत नाही, माझा तर नाहीच.

म्हणजे बघा, ज्या पानात काही घडत नाही त्याच पानावर अख्खा शेवट उभा होता. साल कळलं नाही तर आजचा प्रेक्षक म्हणणार, बाई आहे, हाफ मिळालं, बरोबर आहे. रडू सोडा, बापानं नियम पाळला म्हणून टाळ्या येतील. पण सहावं पान परत मागायचं तर दुसरं एक द्या, असा होलसेल भाव लागला. मी म्हटलं, डेपो मॅनेजरचा सीन काढू. चार पानं, मॅनेजर नुसता 'शिस्त' या विषयावर बोलतो, बाप ऐकतो. खोलीत शांतता पसरली. मग निर्माता हळूच म्हणाला, "मॅनेजर मामा करतायत. सफारी शिवून झालाय."

लिहिणाऱ्याला कोणी सांगत नाही हो. सीन कापायचे नियम आम्ही पाठ करायचे आणि एक सीन सफारीच्या कापडावर टिकून राहणार. त्याचं मानधन मात्र आमच्यात धरलं जाणार नाही आणि लांबीचा दोष पूर्ण आमचा.

शेवटी मार्ग तोच काढला जो फ्लॅशबॅकला काढला होता. जो सीन जाणारच नाही त्याच्यात सामान भरायचं. सहावं पान गेलं ते गेलं. वे-बिल मॅनेजरच्या टेबलावर आणलं, बाप त्यावर तारीख घालतो, मागे भिंतीवर २००६ चं कॅलेंडर. शिस्तीचं भाषण चार पानांवरून पाऊण पानावर, तेही ऑफ-स्क्रीन आवाजात. कॅमेरा वे-बिलावर, मग कॅलेंडरवर. मॅनेजरचा फ्रेममध्ये खांदा.

मामांनी ते पान दोनदा वाचलं. मग विचारलं, "खांदा कुठला, डावा का उजवा? डाव्या बाजूला खिसा आहे."