दहा किलोंचा नियम आणि अंगातला ‘साठा’

«गरोदर बाईचं वजन नऊ महिन्यांत 10 किलो वाढलं म्हणजे सगळं ठीक, मग ती बारीक असो वा जाड. जाड बाईच्या अंगात साठा असतोच, तिचं वजन वाढलं नाही तर उलट चांगलं. गोळ्या लागतात त्या बारीक बाईला. फोलिक अ‍ॅसिड पहिल्या तपासणीनंतर सुरू करायचं. आयोडीनसाठी मीठ थोडं जास्त खायचं. कॅल्शियम दोघांचं, म्हणून दुप्पट. शेवटी वजन झपाट्याने वाढलं तर बाळ बाळसेदार होणार.»

हा निरोप तपासून बघण्यासाठी तीन बायका घेऊ. तिघींची उंची 160 सेंटिमीटर. दिवस राहिले तेव्हा पहिलीचं वजन 45 किलो, दुसरीचं 74, तिसरीचं 83. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. तो अनुक्रमे 17.6, 28.9 आणि 32.4 येतो. 18.5 च्या खाली म्हणजे वजन कमी, 25 ते 30 म्हणजे जास्त, 30 आणि पुढे लठ्ठपणा. आता समजा 28 व्या आठवड्यात तिघींचंही वजन सारखंच, 6 किलो वाढलंय.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2009 साली दिलेल्या आणि आजही बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या मर्यादा अशा आहेत: एकच बाळ असेल तर कमी वजनाच्या स्त्रीने साडेबारा ते 18 किलो, जास्त वजनाच्या स्त्रीने 7 ते साडेअकरा, आणि लठ्ठपणा असलेल्या स्त्रीने 5 ते 9 किलो वाढवावं. मधल्या, म्हणजे नेहमीच्या वजनाच्या स्त्रीसाठी साडेअकरा ते 16. पहिल्या तीन महिन्यांत फार तर अर्धा ते दोन किलो. त्यानंतर कमी वजनाच्या स्त्रीने आठवड्याला साधारण अर्धा किलो, जास्त वजनाच्या स्त्रीने 280 ग्रॅम, लठ्ठपणा असेल तर 220 ग्रॅमच्या आसपास.

पहिल्या तीन महिन्यांचा एक किलो धरून हिशेब केला तर 28 व्या आठवड्याला पहिलीचं वजन साडेआठ किलोंच्या आसपास वाढायला हवं होतं. सहाच वाढलंय. याच वेगाने गेली तर बाळंतपणापर्यंत तिचे बरोबर 10 किलो भरतील. वरचा निरोप तिला शंभर टक्के पास करेल, आणि ती तिच्या खालच्या मर्यादेपेक्षा अडीच किलो मागे असेल. दुसरी त्याच वेगाने 10 वर पोचली तरी तिच्या मर्यादेत बसते. तिसरी 9 च्या पुढे जाते. आकडा एकच, अर्थ तीन.

पहिलीच्या बाबतीत घाईने महिनाभरात अडीच किलो भरून काढायचे नसतात. आधी कारण शोधावं लागतं: उलट्या अजून चालू आहेत का, दोन घासांत पोट भरतं का, छातीत जळजळ होते म्हणून रात्रीचं जेवण सुटतं का, रक्त कमी आहे का, थायरॉइडची तपासणी झालीय का. पोटाचं माप आणि सोनोग्राफी यांवरून बाळाची वाढ बघितली जाते, कारण आईचं वजन हा फक्त इशारा असतो. मग पुढच्या 12 आठवड्यांचा वेग वाढवायचा. मोठं ताट वाढून उपयोग होत नाही, शेवटच्या महिन्यांत पोटात तेवढी जागाच नसते. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, आणि प्रत्येक वेळी पोटभरीचं. दुसऱ्या तिमाहीत रोज जास्तीच्या साधारण 340 कॅलरी पुरतात, तिसऱ्या तिमाहीत 450. 340 कॅलरी म्हणजे एक पेला सायीचं दूध आणि मूठभर सुकामेवा. ‘दोघांसाठी खा’ म्हणणाऱ्यांना हे फार थोडं वाटतं.

या मर्यादांनाही मर्यादा आहेत. जुळी असतील तर आकडे वेगळे. आशियाई वंशाच्या स्त्रियांसाठी ‘वजन जास्त’ची सीमा अनेक ठिकाणी 25 ऐवजी 23 धरतात. आणि लठ्ठपणाच्या सगळ्या पायऱ्यांना एकच मर्यादा लावलीय, हे मला स्वतःला ढोबळ वाटतं.

आता साठ्याचं. हा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो इतका पटतो. अंगावरची चरबी हा ऊर्जेचा साठा आहे, आणि जास्त वजनाच्या स्त्रीची मर्यादा कमी ठेवण्यामागे हेच कारण आहे. पण वाढलेलं वजन म्हणजे निव्वळ चरबी नव्हे. बाळ सव्वातीन किलोंच्या आसपास, वार आणि गर्भजल मिळून जवळजवळ दीड किलो, वाढलेलं गर्भाशय एक किलो, आईचं वाढलेलं रक्त सव्वा किलोच्या वर, शिवाय स्तन आणि अंगातलं पाणी. चरबी बाजूला ठेवली तरी हे आठ-नऊ किलोंच्या घरात जातं. लठ्ठपणा असलेल्या स्त्रीचं वजन पाच-सहा किलोच वाढलं, तर तिची स्वतःची थोडी चरबी उतरलेली असते, आणि तेवढं चालतं. ‘वाढलंच नाही तर चांगलं’ हे मात्र चालत नाही. वजन उतरवण्यासाठीचा आहार गरोदरपणात धरला तर बाळ लहान भरण्याचा धोका वाढतो.

दुसरा अर्धा भाग सरळ चूक आहे. फोलेट, म्हणजे फोलिक अ‍ॅसिडच्या गोळीतून मिळणारं जीवनसत्त्व, चरबीत साठत नाही, आयोडीनही नाही. उलट तेवढ्याच फोलिक अ‍ॅसिडवर जास्त वजनाच्या स्त्रीच्या रक्तातली फोलेटची पातळी कमी राहते, आणि लठ्ठपणात बाळाच्या मज्जानलिकेत, जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात, दोष राहण्याची शक्यता जास्त असते. तिला कमी अन्नात तेवढीच पोषणद्रव्यं बसवायची असतात, म्हणजे तिचं काम बारीक बाईपेक्षा अवघड. भाताचा किंवा साखरेचा वाटा कमी केला तर चालेल. दूध, डाळी, अंडी, पालेभाज्या कमी करून चालणार नाही.

फोलेटच्या बाबतीत खरा घोळ तारखांचा आहे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस हा पहिला दिवस धरा. साधारण चौदाव्या दिवशी गर्भधारणा. अठ्ठाविसाव्या दिवशी पाळी चुकते. मज्जानलिका गर्भधारणेनंतर 28 दिवसांत, म्हणजे या हिशेबात बेचाळिसाव्या दिवसापर्यंत मिटते. पाळी चुकल्यावर फार तर दोन आठवडे हातात असतात. पहिली तपासणी आठव्या आठवड्यात झाली आणि त्या दिवशी गोळी सुरू केली, तर ज्या कामासाठी ती मुख्यतः दिली जाते ते काम होऊन दोन आठवडे उलटलेले असतात. म्हणून रोज 400 मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड मूल हवं असं ठरवल्यापासून, निदान एक महिना आधीपासून, बाराव्या आठवड्यापर्यंत घ्यायचं. उशीर झालाय हे आठव्या आठवड्यात कळलं तरी गोळी त्याच दिवशी सुरू करावी, कारण रक्त तयार व्हायला आणि पेशी वाढायला फोलेट पुढेही लागतं.

आधीच्या बाळाला मज्जानलिकेचा दोष असेल, मधुमेह असेल किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील, तर डॉक्टर 4 किंवा 5 मिलिग्रॅमची, म्हणजे दहा-बारा पट मोठी गोळी देतात. 1991 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासात 4 मिलिग्रॅमने दोष पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं, ते अशाच, आधीच्या बाळाला दोष असलेल्या स्त्रियांमध्ये. बीएमआय 30 च्या पुढे असेल तर ब्रिटनमध्ये बरीच वर्षं 5 मिलिग्रॅम सुचवत, इतर अनेक ठिकाणी 400 मायक्रोग्रॅमच पुरेसं धरतात. त्यामुळे आपला डोस विचारून घ्यावा. एक गोष्ट मात्र अजिबात करू नये: फोलिक वाढावं म्हणून मल्टिव्हिटॅमिनच्या तीन-चार गोळ्या एकदम घेणं. त्यांतलं रेटिनॉल स्वरूपातलं व्हिटॅमिन ए तितकंच वाढतं, आणि ते जास्त झालं तर बाळात व्यंग येऊ शकतं.

मीठ जास्त खाण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. आयोडीनची गरज खरोखर वाढते, दिवसाला 150 वरून 250 मायक्रोग्रॅमवर, कारण आईची थायरॉइड ग्रंथी जवळपास दीडपट काम करते आणि पहिले काही महिने बाळ तिच्याच थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असतं. उपाय मीठ वाढवण्याचा नसून तेवढंच मीठ आयोडीनयुक्त घेण्याचा आहे. खडे मीठ, समुद्री मीठ, गुलाबी मीठ यांत वेगळं घातल्याशिवाय आयोडीन जवळपास नसतं. गरोदरपणाच्या गोळीच्या वेष्टनावर आयोडीन लिहिलंय का तेही बघा, कित्येक गोळ्यांत ते नसतंच. समुद्री शेवाळाच्या गोळ्या टाळाव्यात. त्यांत कधी किती आयोडीन निघेल याचा नेम नाही, आणि अति आयोडीनने बाळाची थायरॉइड मंदावू शकते. थायरॉइडचा आजार आधीपासून असेल तर आयोडीनची वेगळी गोळी आपल्या मनाने घेऊ नये.

कॅल्शियमचा साठा मात्र खरंच असतो, हाडांत, जवळजवळ किलोभर. बाळाला नऊ महिन्यांत 30 ग्रॅमच्या आसपास लागतं, त्यातलं बहुतेक शेवटच्या तिमाहीत. त्यासाठी दुप्पट खावं लागत नाही, कारण आईचं आतडं अन्नातलं कॅल्शियम जवळजवळ दुपटीने शोषू लागतं. प्रौढ स्त्रीला गरोदरपणातही रोज 1000 मिलिग्रॅमच लागतं. गोळी लागते ती जेवणातच कॅल्शियम कमी असेल तेव्हा, आणि तेव्हा धोका असतो आईचा रक्तदाब चढण्याचा, प्रीएक्लॅम्पसियाचा. म्हणून अशा भागांत जागतिक आरोग्य संघटना दिवसाला दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियमची शिफारस करते. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या, भारत आणि टांझानियात झालेल्या चाचण्यांत 500 मिलिग्रॅमचा डोस प्रीएक्लॅम्पसिया रोखण्यात दीड ग्रॅमच्या मागे पडला नाही. वेष्टनावर ‘कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिलिग्रॅम’ लिहिलेलं असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम 500 असतं. ती गोळी जेवणासोबत घ्यावी, आणि लोहाची गोळी तिच्यापासून निदान दोन तास लांब, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही.

निरोपातल्या शेवटच्या वाक्याने मात्र एखादीचा जीव जाऊ शकतो. बाळ आठवड्यात किलोभर वाढत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात आठवडाभरात एक किलो किंवा जास्त चढलं, तर ते बहुधा पाणी असतं. त्यासोबत तोंडावर किंवा हातांवर सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमक किंवा अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणं यांपैकी काही असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्यावीत.