पिवळी ओळ म्हणजे पुरावा नव्हे

आज संताप झालाय, म्हणून लिहितेय. लांब आहे, पण माझ्या यादीत निम्मे लोक शिकवणारे आहेत, त्यांनी तरी पूर्ण वाचा.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात आज प्राणिशास्त्राच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होती. माझी एक विद्यार्थिनी, गुलाबी बोंडअळीवर काम केलेली. बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या हातात तिचा प्रोजेक्ट नव्हताच, एआय-तपासणीचा रिपोर्ट होता. वर 31 टक्के, आत पिवळ्या रंगानं रंगवलेल्या ओळी. त्यांनी एका पिवळ्या ओळीवर पेन टेकवलं आणि म्हणाले, "हे तू लिहिलेलं नाही."

ओळ इंग्रजीत होती. अर्थ असा, की पतंगांना वासानं ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तेव्हा शेतकऱ्याला फवारणीचा सल्ला दिला. पोरगी म्हणाली, "सर, हे तं माह्यंच हाय. बाबाच्या वावरातलं हाय." इंग्रजीत सांग म्हणाले. ती गप्प झाली.

आता ते पेन जिथं टेकलं होतं तिथलं गणित सांगते, कारण तिथं बसलेल्या कोणालाच ते माहीत नव्हतं.

आधी तो 31. लोक वाचतात, 'ही पोरगी 31 टक्के चोर आहे.' या रिपोर्टमध्ये तो आकडा फक्त एवढंच सांगतो, की सलग गद्यातल्या शंभर वाक्यांपैकी साधारण 31 वाक्यं सॉफ्टवेअरला यंत्राची, म्हणजे एआयनं लिहिलेली वाटली. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये तसाच दिसणारा आकडा 'हा अख्खा मजकूर यंत्राचा असण्याची शक्यता' असा असतो. दोन्ही अगदी वेगळ्या गोष्टी, पण छापून आले की सारखेच दिसतात. आणि 'सलग गद्य' हे नीट वाचा. तक्ते, यादीतले मुद्दे मोजलेच जात नाहीत. या पोरीची खरी मेहनत सापळ्यांच्या तक्त्यांत आहे. रोज पहाटे कोणत्या सापळ्यात किती पतंग, त्याची पानंच्या पानं. ती सगळी हिशेबाबाहेर. उरलं काय, तर प्रस्तावना आणि वर्णन. टक्का वर जाणारच.

आता पिवळ्या रंगाचं. ही सॉफ्टवेअर्स बहुधा एकेक वाक्य सुटं उचलून तपासत नाहीत. पंधरा शब्दांच्या वाक्यात तेवढा ऐवजच नसतो. ती सलग काही वाक्यांचा तुकडा घेतात, त्याला गुण देतात, मग एक वाक्य पुढं सरकून पुढचा तुकडा घेतात. प्रत्येक वाक्य ज्या ज्या तुकड्यांत आलं त्यांच्या गुणांची सरासरी म्हणजे त्या वाक्याचा गुण. ठरलेल्या रेषेच्या वर गेलं की रंग.

समजण्यापुरते छोटे आकडे घेते. आठ वाक्यांचा परिच्छेद, पहिली चार यंत्राची, पुढची चार पोरीची. तुकडा चार वाक्यांचा. चारही यंत्राची असलेल्या तुकड्याला 1 गुण. तीन यंत्राची असतील तर 0.95, दोन असतील तर 0.8, एक असेल तर 0.3, एकही नसेल तर 0.05. पाचवं वाक्य म्हणजे पोरीचं पहिलं. ते शेवटच्या चार तुकड्यांत येतं. 0.95, 0.8, 0.3 आणि 0.05, बेरीज 2.1, सरासरी 0.525. रेषा 0.5 ला असेल तर वाक्य पिवळं. सहावं वाक्य तिचंच, तसंच लिहिलेलं, पण त्याची सरासरी येते 0.38, म्हणून ते पांढरं. पाचव्याचा गुन्हा काय? यंत्राच्या शेजारी बसलं!

परीक्षकांचं पेन नेमकं तसल्याच वाक्यावर होतं. वरचा परिच्छेद यंत्राचा, खाली तिचं पहिलं वाक्य.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. टर्निटिन कंपनीनं 2023 मध्ये स्वतः लिहिलं होतं, की त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये वाक्याच्या पातळीवर साधारण 4 टक्के वेळा माणसाचं वाक्य यंत्राचं ठरतं, आणि अशा चुकून रंगलेल्या वाक्यांपैकी 54 टक्के वाक्यं खऱ्या यंत्राच्या वाक्याला अगदी लागून असतात. आमच्याकडचं सॉफ्टवेअर दुसरं आहे, पण खोट तीच. म्हणजे मिश्र मजकुरात जिथं माणूस आणि यंत्र एकमेकांना भिडतात, जिथं आपल्याला रंगाची सगळ्यात जास्त गरज असते, तिथंच तो सगळ्यात जास्त फसवतो.

त्यात हे वाक्य म्हणजे ठरलेला सल्ला. तीन रात्री, आठ पतंग. कृषी विभागाच्या पत्रकात तेच, कृषी सहायकाच्या तोंडी तेच. पुढचा शब्द सहज ओळखता येतो अशा वाक्याकडं या सॉफ्टवेअरचा संशय आधीच असतो. मग पोरीनं काय करायचं, नऊ पतंग लिहायचे?

जिनिंगवर गाडीतला चार ठिकाणचा कापूस काढून ओलावा बघतात आणि गाडीचा भाव ठरवतात. त्या आकड्यावरून एखादं बोंड उचलून 'हेच ओलं' असं कोणी म्हणत नाही. इथं मात्र म्हणतात, आणि त्यावर मार्क कापतात.

हो, प्रस्तावना तिनं यंत्राकडून घेतली होती. विचारल्याबरोबर कबूल केलं. त्याचे मार्क जावेत, माझी ना नाही. आणि मोठ्या मजकुराचा एकूण आकडा बघून विचारपूस सुरू करणंही मला मान्य आहे.

पण पुढं ऐका. त्याच प्रस्तावनेतलं एक वाक्य तिनं घेतलं तसं ठेवून त्यात फक्त आपल्या तालुक्याचं आणि दोन गावांची नावं घातली होती. ते वाक्य रिपोर्टमध्ये पांढरं! पेन त्याच्यावरून सरकत पुढं गेलं. तिनंच मला नंतर दाखवलं, "मॅडम, हे माह्यं नाही, आन् यालेच काही म्हटलं नाही." एवढी सरळ पोरगी आहे. पांढरं म्हणजे निर्दोष आणि पिवळं म्हणजे चोरी असं मानणाऱ्याला दोन्हीकडून चुकीचं उत्तर मिळालं.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. ते परीक्षक दुष्ट नाहीत. दिवसभरात ढीगभर प्रोजेक्ट, दुपारचं ऊन, पंख्याला वीज नाही. रंगवलेलं पान समोर आलं की डोळा तिकडंच जातो. रंगाला 'असेल' म्हणता येत नाही. 0.525 आणि 0.99, दोन्हींना एकच पिवळा. खरा गुण छापला असता तर कदाचित त्यांनीही पेन उचललं असतं.

पण साधं विचारायचं तरी होतं, की बाई, सापळा जमिनीपासून किती उंचीवर लावला, त्यातला वासाचा ल्युअर कधी बदलला, पतंग पहाटेच का मोजले. ती घडाघडा बोलली असती, वऱ्हाडीत का होईना. तिची वही बाहेर माझ्या टेबलावर पडून होती, पानांवर चिखलाचे डाग आणि तिच्या बाबांच्या अक्षरात लिहिलेले आकडे.

उद्या प्राचार्यांकडं अर्ज देतेय. मागण्या दोनच. मिश्र मजकुराच्या बाबतीत परीक्षकांना फक्त एकूण आकडा आणि तो कशाचा आहे ते द्या, रंगवलेली पानं देऊ नका. आणि मार्क कापण्याआधी विद्यार्थ्याची वही आणि कच्चे मसुदे बघा, त्याला त्याच्या भाषेत बोलू द्या. तुमच्या कॉलेजात असा काही नियम झाला असेल तर त्याची प्रत पाठवा, अर्जाला जोडते.