संत जॉर्जचा ड्रॅगन आग ओकतच नव्हता

“पाश्चात्त्य ड्रॅगन म्हणजे आग, लोभ, राक्षस. पौर्वात्य ड्रॅगन म्हणजे पाणी, शहाणपण, देव. पश्चिमेने निसर्गाला मारलं, पूर्वेने पूजलं. पूर्वेचा ड्रॅगन कधीच कोणाचं वाईट करत नाही. दोन्ही मुळात डायनोसॉरच्या आठवणी आहेत. पटलं तर पुढे पाठवा.”

नाही पटलं. पण भाचीने हे जसंच्या तसं शाळेच्या प्रोजेक्टमध्ये उतरवलंय आणि बाजूला ज्वाळाही रंगवल्यात, म्हणून लिहायला बसलो.

आधी आगीचं बघू. युरोपातली सगळ्यात गाजलेली ड्रॅगनकथा संत जॉर्जची. तेराव्या शतकात याकोबुस दे वोराजिने याने संतचरित्रांचा जो लॅटिन संग्रह केला, त्यातून ती घरोघरी पोचली. त्यात हा प्राणी राहतो कुठे? लिबियातल्या सिलेनी गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यात. तो माणसं मारतो ती ज्वाळांनी नव्हे, श्वासातल्या विषाने. तटाजवळ येऊन नुसता फुंकर घालतो आणि आत माणसं पटापट मरतात. त्याला शांत ठेवायला गाव रोज दोन मेंढ्या देतं, त्या संपत आल्यावर चिठ्ठ्या टाकून पोरंसोरं देतं, आणि एक दिवस चिठ्ठी राजकन्येची निघते. जॉर्ज भाला मारतो, पण जीव घेत नाही. राजकन्येला म्हणतो, तुझा कमरपट्टा त्याच्या गळ्यात बांध. मग तो पाळलेल्या कुत्र्यासारखा तिच्यामागून गावात येतो. गाव बाप्तिस्मा घेतं, त्यानंतर जॉर्ज तलवारीने ड्रॅगनला मारतो आणि धूड ओढून न्यायला बैलांच्या चार जोड्या लागतात. राजा तिथे चर्च बांधतो. त्याच्या वेदीतून झरा फुटतो आणि त्याच्या पाण्याने आजारी बरे होतात. म्हणजे विषारी तळ्यापासून औषधी झऱ्यापर्यंत सगळी गोष्ट पाण्याचीच! बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला लाल ड्रॅगनसुद्धा बाराव्या अध्यायात एका स्त्रीला वाहून नेण्यासाठी तोंडातून नदी ओकतो.

आता कबूल करतो, आग अगदीच खोटी नाही. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यातला ड्रॅगन खरोखर घरं जाळतो, तेही त्याच्या खजिन्यातला एक पेला चोरीला गेला म्हणून. लोभ आणि आग दोन्ही तिथे आहेत. पण म्हणून सगळ्या युरोपाला तोच साचा लावायचा?

खरा राग येतो तो “कधीच कोणाचं वाईट करत नाही” या वाक्याचा. चिनी ड्रॅगनकडे पावसाचं खातं आहे, हे बरोबर. इ.स. १०० च्या सुमाराच्या शुओवेन कोशात लिहिलंय की तो वसंतसंपाताला आकाशात चढतो आणि शरदसंपाताला खोल पाण्यात उतरतो. पण ज्याच्या हाती पाऊस, त्याच्याच हाती दुष्काळ आणि पूर. चीनमधल्या खेड्यांत पाऊस लांबला की ड्रॅगनराजाची मूर्ती देवळाबाहेर काढून रणरणत्या उन्हात ठेवत: घे, तूही भोग! आपल्याकडे देव पाण्यात घालून बसतात, तिथे उन्हात. नुसत्या पूजेवर भागत असतं, तर ही वेळ का आली असती?

‘पश्चिमेचा प्रवास’ या सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीत तर जिंग नदीचा ड्रॅगनराजा चक्क पैजेपायी पाऊस बिघडवतो. किती वाजता आणि किती पाडायचा, याचा हुकूम स्वर्गातून आलेला असतो. हा मात्र एका ज्योतिषाला खोटं पाडायला वेळ चुकवतो आणि पाऊस थोडा कमी पाडतो. शिक्षा शिरच्छेद. फरक शोधायचाच तर तो इथे आहे. चिनी ड्रॅगन सरकारी चाकरीत आहे, त्याच्याकडे अर्ज करता येतो, त्याला धाक दाखवता येतो, त्याच्यावर कारवाईही होते. सिलेनीच्या ड्रॅगनच्या डोक्यावर कोणी वरिष्ठ नाही, म्हणून बाहेरून शूर माणूस यावा लागतो.

आणि पूर्वेनेही ड्रॅगन मारलेच आहेत. ७१२ सालच्या जपानी ‘कोजिकी’त आठ डोक्यांचा ओरोची दरवर्षी एका म्हाताऱ्या जोडप्याची एकेक मुलगी खातो. सुसानोओ हा देव त्याला दारू पाजून झिंगवतो आणि कापतो. चिनी पुराणकथेत नुवा देवी महापुराच्या वेळी काळ्या ड्रॅगनला ठार करते. आता निसर्गाला कोणी मारलं आणि कोणी पूजलं, हे पुढे पाठवणाऱ्याने सांगावं.

डायनोसॉरबद्दल फार बोलत नाही. शेवटचे डायनोसॉर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी गेले, त्यांची आठवण ठेवायला तेव्हा कोणी माणूस नव्हता. एवढं मात्र खरं, की चिनी औषधांच्या दुकानांत ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून खरेच जीवाश्म कुटून विकले जात. तीही बहुतेक सस्तन प्राण्यांची.

भाचीला म्हटलं, ज्वाळा खोडू नकोस, त्यांच्याखाली ‘बेओवुल्फ’ लिही. आणि शेजारी एक तळं काढ.