रोज सकाळी सहा चाळीसला कोण क्लिक करतंय?

आमच्या काकूचा घरगुती फराळ-मसाल्याचा धंदा आहे, डोंबिवली पूर्वेला, दुसरा मजला, जिना चढतानाच कळतं की आज कुठला मसाला कुटलाय. इन्स्टावरच्या पोस्टखालच्या कॅप्शन मी लिहितो. पगार म्हणजे महिन्याला अर्धा किलो शेव आणि "तुला काय, नुसतं टायपायचं तर आहे" हे वाक्य, ते मात्र महिन्याला कितीही वेळा.

टायपायचं ठीक आहे हो. खरा ताप सोमवारी संध्याकाळी सुरू होतो. त्या दिवशी मागच्या आठवड्याच्या पोस्टचे आकडे बघायचे आणि पुढे काय लिहायचं ते ठरवायचं, असा नियम मीच मोठ्या उत्साहात काढला होता. तेव्हा वाटलं होतं मी आणि लॅपटॉप असे दोघंच बसू, पण पहिल्याच सोमवारी काकू कणीक मळता मळता येऊन बसली, चुलत बहीण चिनू आली (रील तिच्याकडे असतात), आणि बँकेतून रिटायर झालेले काका चष्मा पुसत आले, आणि काका चष्मा पुसतात तेव्हा समजायचं की ऑडिट आहे.

मी शीट उघडली. दसऱ्याच्या आसपासच्या चार आठवड्यांच्या चार पोस्ट, आणि प्रत्येकीचे तीन आकडे. रीच म्हणजे किती वेगवेगळ्या खात्यांपर्यंत पोस्ट गेली. सेव्ह म्हणजे कितीजणांनी ती नंतर बघायला ठेवून दिली. आणि लिंक क्लिक म्हणजे बायोमधल्या ऑर्डरच्या लिंकवर कितीजण गेले, कारण कॅप्शनमध्ये लिंक टाकली तरी ती दाबली जात नाही, नुसती अक्षरं दिसतात, हे काकूला समजावण्यात माझा पहिला अख्खा महिना गेला होता. मी दर सोमवारी त्या लिंकच्या शेपटीला नवीन नाव जोडायचो, `utm_content=chakli` वगैरे, म्हणजे कुठल्या आठवड्याच्या पोस्टवर किती क्लिक आले ते वेगळं कळतं.

चिनूच्या रीलचा रीच ९,८००. गाणं ट्रेंडिंग, आणि त्यावर काकूचा हात सोऱ्या फिरवतोय, बस एवढंच. चिनूने कॉलर ताठ केली, काकू म्हणाली "बघ, हे असं लिही." आता त्या रीलखाली मी लिहिलं होतं "सोऱ्या आणि सूर" एवढंच, ते कसं अजून तसं लिहिणार? पण दहा हजार आकडा बघितला की माणूस हळवा होतो, मीसुद्धा झालो, मनात पुढच्या सहा रीलची नावंही ठरवली.

काका म्हणाले, "किती माणसांमागे एक?"

हा त्यांचा एकच प्रश्न. आयुष्यभर लोकांची कर्जं तपासली त्या माणसाने, त्यांना नुसता आकडा दाखवला की ते खाली भागाकाराची रेघ शोधतात. मी भागाकार केला. रीलवर सेव्ह ११ आणि क्लिक १७. मग रीच कोणाचा ते उघडून बघितलं तर नव्वद टक्क्यांच्या वर फॉलो न करणारी मंडळी, आणि कमेंटमध्ये सगळीकडे एकच चौकशी, गाणं कुठलं. काकू पार्सल देते डोंबिवली, कल्याण, ठाणे. गाणं कुठलं विचारणारे ठाण्यापर्यंत येतील असं काही दिसलं नाही.

दुसरी पोस्ट चकलीची, आणि तिचा मला मनापासून अभिमान होता. कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच लोकांना दिसतात, बाकीचं "अधिक" दाबल्यावर उघडतं, म्हणून मी "नमस्कार मंडळी" वगैरे उडवून थेट सुरुवात केली होती, "चकली बिघडली? कुठे बिघडली त्यावरून चूक कळते." मग खाली, तेलात विरघळली तर मोहन जास्त झालंय, पाडताना तुटली तर पीठ कोरडं, थंड झाल्यावर मऊ पडली तर आच मोठी होती. सगळं काकूचंच ज्ञान, मी नुसतं लिहून घेतलं. रीच २,१४० आणि सेव्ह ९६! म्हणजे बावीस माणसांमागे एकाने ठेवून दिली. रीलवर हाच हिशोब नऊशे माणसांमागे एक असा होता.

मी विजयी मुद्रेने काकूकडे बघितलं. काकूचे कणकेतले हात थांबले.

"म्हणजे ९६ जणी आता घरीच चकल्या करणार?"

"अगं नाही, म्हणजे त्यांना पोस्ट आवडली..."

"आवडली म्हणून कोण ठेवून देतं? करायची म्हणून ठेवतात. मी नाही का कात्रणं ठेवत? चकल्या विकते मी, आणि तू गिऱ्हाइकांना चकल्या शिकवतोयस. दुकान बंद करायला घेतलंयस का माझं?"

शांतता. काकांनी चष्मा परत पुसला. खरं सांगतो, सेव्हबद्दल इतकं नेमकं मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

तिसरी पोस्ट गोड्या मसाल्याची. कंटाळ्यात लिहिलेली, पाव किलोचं पाकीट, किंमत, शुक्रवारपर्यंत ऑर्डर, लिंक बायोमध्ये. चिनूच्या मते हे कॅप्शन नसून नोटीस आहे. रीच फक्त ६१२, सेव्ह ४, पण क्लिक ३१. चिनू आणि मी दोघंही गप्प, कारण इतक्या कमी लोकांनी बघितलेल्या, सगळ्यात रुक्ष पोस्टवर सगळ्यात जास्त क्लिक, आणि हे कुठल्याच कलाकाराला आवडत नाही.

चौथी पोस्ट दसऱ्याच्या शुभेच्छा. आपट्याची पानं, सोनं घ्या सोन्यासारखं राहा, लिंकचा उल्लेखसुद्धा नाही. रीच ४८०, सेव्ह शून्य, क्लिक १२.

मी पुढे जाणार होतो पण हा बारा डोक्यात अडकला. शुभेच्छा वाचून मसाला मागवावा असं बारा जणांना का वाटेल? क्लिकचे तास उघडून बघितले तर त्या आठवड्यात रोज सकाळी सहा चाळीसच्या सुमारास एक क्लिक, सातही दिवस, एकही खाडा नाही. मागच्या आठवड्यात बघितलं, तिथेही तेच. त्याच्या मागच्या आठवड्यातही.

"कोणीतरी रोज पहाटे आपलं पान उघडतंय पण ऑर्डर देत नाहीये," मी म्हणालो. चिनूला लगेच दुसऱ्या मसालेवाल्यांचा संशय.

"मीच तो," काका म्हणाले. "चहा झाला की लिंक चालू आहे का बघतो. बंद पडली तर कळायला नको?"

त्यांचे सात. काकूने कबूल केलं की आठवड्यातून दोनदा तीही बघते, "आपले फोटो कसे दिसतात ते." आणि लिंक बदलली की नीट उघडते का म्हणून मी स्वतः तीनदा दाबतो. सात, दोन आणि तीन. बरोब्बर बारा. म्हणजे इतके दिवस प्रत्येक पोस्टच्या क्लिकमध्ये बाराजण आमच्या घरचेच होते, खरं म्हणजे तीनच.

मग सगळीकडून बारा वजा केले. चकलीचे १५ होते ते राहिले ३. रीलचे १७, राहिले ५, म्हणजे जवळजवळ दोन हजार माणसांमागे एक. मसाल्याचे ३१, राहिले १९, म्हणजे बत्तीस माणसांमागे एक. चकली आणि रीलचे क्लिक बघून मी आधी म्हणालो होतो की फरक फार नाहीये, सगळं सारखंच चालतंय. सारखं दिसत होतं कारण त्यात काका होते.

"मग आता नोटिशीच लावायच्या का?" चिनू. हे मला पटेना, आणि नुसत्या दुखावलेल्या अहंकारामुळे नाही. ती नोटीस पोचली ६१२ जणांपर्यंत, त्यातले बरेचसे जुनेच गिऱ्हाईक, ज्यांचा मसाला संपतच आला असणार. दर आठवड्याला तेच लावलं तर तेच लोक किती मसाला खाणार? आणि १९ हा आकडा इतका लहान आहे की पुढच्या वेळी तो १२ आला काय आणि २६ आला काय, त्यावरून छाती पिटण्यात किंवा फुगवण्यात अर्थ नाही.

मी हुशारी करून दोन्ही एकत्र करायचं ठरवलं, वर चकलीच्या टिपा आणि खाली "तयार चकली मागवा". लिहून काकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आधी पोहायला शिकवतोस आणि मग होडीचं तिकीट विकतोस. कॅप्शन तिथेच मेली.

त्या ९६ जणी मात्र डोक्यातून जाईनात. त्या चकली करणार, आमची विकत घेणार नाहीत, हे पक्कं. मग त्यांना लागणार काय? दिवाळीच्या तोंडावर तांदूळ, चणाडाळ, उडीदडाळ धुवून वाळवून भाजून गिरणीतून दळून आणायला वेळ कोणाला आहे? काकू भाजणी विकते की! किलोवर विकते, फक्त माझ्या यादीत ती शेवटी असायची कारण पिवळट पिठाचा फोटो कितीही काढला तरी पिवळट पीठच दिसतं.

लिहिलं. पहिली ओळ, "एक वाटी भाजणीला पाणी किती?" मग साधारण पाऊण ते एक वाटी उकळतं पाणी, एकदम ओतायचं नाही, झाकून ठेवायचं, मग मळायचं. आणि शेवटी भाजणीची किंमत, तारीख, लिंक बायोमध्ये. काकूने ऐकलं आणि "हं" म्हणाली. आमच्याकडे याला पुरस्कार म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर सेव्ह फक्त १४, मी लगेच तोंड पाडून बसलो. काका म्हणाले चकलीच्या वेळी दुसऱ्या दिवशी किती होते? ते मी बघितलंच नव्हतं! सेव्ह सावकाश वाढत राहतात, आणि मी एक दिवसाच्या पोराची उंची सात दिवसांच्या पोराशी मोजत होतो. तेव्हापासून आकडा सातव्या दिवशीच लिहायचा, आधी उघडायचाच नाही. (मी उघडतो. लिहीत नाही.)

सातव्या दिवशी रीच १,३५०. सेव्ह ६१, परत बावीस माणसांमागे एक. क्लिक ४०, घरचे बारा वजा करून २८, म्हणजे अठ्ठेचाळीस माणसांमागे एक. नोटिशीपेक्षा कमी, पण चकलीच्या टिपांवर हेच सातशे माणसांमागे एक होतं. भाजणीच्या ऑर्डरी आल्या अकरा.

"अकरा?" काकू म्हणाली. "मग त्या ९६ मधल्या बाकीच्या ८५ कुठे गेल्या?"

९६ वेगळ्या पोस्टच्या, अकरा वेगळ्या, त्यातल्या किती सारख्या ते कळायला मार्ग नाही, हे मी दोनदा समजावलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, "त्यांना आठवण कर."

वजाबाकीची कटकट नको म्हणून काकांना मी एक वेगळी लिंक करून दिली, `utm_content=kaka`, बायोमधून न जाता थेट तीच उघडायची, म्हणजे त्यांचं खातं स्वतंत्र. पुढच्या सोमवारी शीट उघडली तर त्या ओळीत सातऐवजी नऊ.

"काका, दोन जास्त कसे?"

"आकडा माझ्या नावावर दिसतोय ना आता," काका चष्मा पुसत म्हणाले. "कमी पडायला नको."