पत्रद्वारा पदवी सोडणारे नेमकं कधी सोडतात?

"वेळ मिळाला नाही." दूरशिक्षणातून पदवी करायला घेतलेला मोठा माणूस मधेच थांबला आणि त्याला कारण विचारलं की बहुतेक वेळा हेच उत्तर येतं, आणि संस्थाही ते लिहून घेऊन मोकळी होते, कारण वेळ हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी अभ्यासकेंद्रावर काउन्सेलर म्हणून काम करते आणि मला हे उत्तर कधीच पुरेसं वाटलेलं नाही. माणूस परीक्षेत नापास होऊन सोडतो असा सगळ्यांचा समज असतो. खरं तर सोडणाऱ्यातला मोठा गट परीक्षेपर्यंत पोचतच नाही. पहिली असाइनमेंट द्यायची तारीख उलटली की त्या दिवशी यादी काढून बघा कोणी काहीच दिलेलं नाही, त्यातली बरीच नावं पुढे परीक्षेच्या फॉर्मवर दिसत नाहीत.

एक उदाहरण घेऊन सांगते. समजा पस्तिशीतली एक बाई आहे, नोकरी करते, घर सांभाळते, अभ्यास सुटून पंधरा वर्षं झालीत. बीएच्या एका सत्राला तिने चार विषय घेतले, प्रत्येकी ४ क्रेडिटचे. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठात एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे १६ क्रेडिटचे झाले ४८० तास. हातात २४ आठवडे असतील तर आठवड्याला २० तास, म्हणजे रोज जवळपास तीन तास, रविवार धरून! हा हिशोब प्रवेशाच्या खिडकीवर तिला कोणी करून दाखवला का? नाही. दोनच विषय घे, रोज दीड तासात बसेल, पदवीला वेळ लागेल पण होईल, एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात.

पुढे काय होतं बघा. पुस्तकं उशिरा येतात, तोवर महिना गेलेला असतो. पहिलं युनिट वाचून होतं पण आपल्याला कळलंय की नाही हेच तिला कळत नाही, वर्गात बसलं असतं तर शेजारणीकडे बघून तरी अंदाज आला असता. असाइनमेंटमध्ये "चर्चा करा" असा प्रश्न असतो, त्यात नेमकं किती आणि कसं लिहायचं हे माहीत नसतं, मग ती उद्यावर टाकते आणि तारीख जाते. आता केंद्रावर फोन करायचा तर आधी मागे पडलेय हे कबूल करावं लागणार, म्हणून ती फोनच करत नाही. केंद्राचं म्हणणं काय, तर हेल्पलाइन आहे ना, संपर्कसत्रं आहेत ना, तीच आली नाही. मला राग येतो तो इथे. विचारलं तरच मिळणारी मदत घ्यायला येतात ते बहुतेक आधीपासून बऱ्या चाललेल्यांपैकी असतात, जो बुडतोय तो हाक मारत नाही.

मग फोन संस्थेने करायचा. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत ऑर्मंड सिम्पसन यांनी हे करून बघितलं. जुन्या विद्यार्थ्यांच्या माहितीवरून कोण सुटण्याची शक्यता जास्त आहे याचा अंदाज काढला आणि अशांना कोर्स सुरू व्हायच्या आधीच एक फोन केला. टिकणाऱ्यांचं प्रमाण चार-पाच टक्क्यांनी वाढलं. कमी वाटेल पण एका फोनला हा आकडा मोठा आहे, शिवाय सुटलेल्याच्या जागी नवीन विद्यार्थी आणायचा खर्च याहून जास्त असतो.

दुसरी गोष्ट तपासलेली असाइनमेंट परत कधी येते ही. नॉर्वेत टॉर्स्टाइन रेक्केदाल यांनी पत्रद्वारा शिकणाऱ्यांवर प्रयोग केला होता, ज्यांची उत्तरं तपासून लवकर परत गेली त्या गटात कोर्स पूर्ण करणारे जास्त निघाले. आपल्याकडे मात्र ती कित्येकदा परत येतच नाही, नुसते मार्क चढतात. त्या बाईला मार्क नकोयत हो, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भरकटलंय, पहिलं छान झालंय, एवढं कोणीतरी लिहून हवंय, तेही दुसरी असाइनमेंट लिहायच्या आत.

फोनने सगळे टिकतील असं मी म्हणत नाही. कोणाची नोकरी बदलते, कोणी आजारी पडतं, कोणाला एकाच विषयापुरतं शिकायचं होतं आणि ते शिकून झालं, अशांना गळतीत मोजूच नये. पण सोडायच्या बेतात असलेल्याला फोन केला तर पहिलं वाक्य "असाइनमेंट का दिली नाही" हे नसावं. मी विचारते, पुस्तक कुठपर्यंत वाचून झालंय आणि कुठे अडलंय. बरेच जण सांगतात, अजून उघडलंच नाही. मग त्याच फोनवर एक विषय पुढच्या सत्रात ढकलायचा, पहिल्या प्रश्नाचे मुद्दे बोलून काढायचे आणि पुढच्या फोनची तारीख ठरवायची.