दर महिन्याला ४९९ रुपये बिनबोभाट कसे भरत राहावेत

सबस्क्रिप्शन बंद करायचं मनात आलं की आधी ते ॲप उघडा आणि लॉगिनच्या पानासमोर ठाण मांडून बसा. तिथून हलू नका. जो माणूस लॉगिनच्या पानासमोरून हलला नाही, त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला न चुकता जातात. याची हमी मी कुठल्याही स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे.

उदाहरण घेऊ. समजा तुम्ही सांगलीत विश्रामबागेत राहता. मुलगी बारावीला होती तेव्हा एका क्लासचं ॲप घेतलं. खातं काढताना ईमेल विचारला, तो तुम्ही कुपवाड एमआयडीसीतल्या तेव्हाच्या नोकरीचा दिला, कारण कार्डावर तोच छापलेला होता. मोबाईल नंबरही कंपनीच्याच सिमचा. पुढं नोकरी सुटली, सिम परत केलं, मेलबॉक्स बंद झाला. मुलगी इंजिनिअरिंगला पुण्यात गेली, तिला आता त्या ॲपचं नावही आठवत नाही. पण दर महिन्याच्या सात तारखेला तुमच्या बँकेला आठवतं. ४९९ रुपये.

तर, Forgot password? वर बोट ठेवा. लगेच मोठी हिरवी खूण येईल आणि खाली लिहिलेलं असेल की लिंक तुमच्या ईमेलवर पाठवली आहे. या खुणेवर पूर्ण विश्वास ठेवा. मेलबॉक्स जिवंत आहे की मेलाय हे ती खूण बघत नाही. बहुतेक ठिकाणी तर असं खातं मुळात आहे की नाही हेसुद्धा मुद्दाम सांगत नाहीत, म्हणजे भामट्यांना अंदाज लागू नये. मेल बंद पत्त्यावर जातो आणि 'पत्ता सापडला नाही' म्हणून परत फिरतो, पण परत फिरतो तो कंपनीच्या सर्व्हरकडं, तुमच्याकडं नाही. तुम्हाला फक्त हिरवी खूण दिसते. म्हणून पाच मिनिटं थांबा, स्पॅम बघा, पुन्हा लिंक मागवा. कुठला स्पॅम बघणार, मेलबॉक्सच नाही, असं कोणी विचारलं तर त्याला नकारात्मक माणूस समजा.

मग ओटीपीचा मार्ग धरा. ओटीपी त्या जुन्या सिमवर जातो. बंद केलेला नंबर कंपन्या निदान ९० दिवस रिकामा ठेवतात, मग दुसऱ्याला देतात. तेव्हा तुमचा नंबर आज जत-विट्याकडच्या एखाद्या भल्या माणसाच्या खिशात असायची बरीच शक्यता. त्याला फोन करा. म्हणा, "दादा, आत्ता तुम्हाला सहा आकडे येतील, तेवढे सांगा की." ज्या देशात 'ओटीपी कुणाला सांगू नका' हे वाक्य फोनच्या रिंगटोनपेक्षा जास्त वाजतं, तिथं तो काय उत्तर देईल ते इथं छापता येणार नाही.

यानंतर येतो या विद्येचा कळस, म्हणजे कस्टमर सपोर्ट. तिथली भाषा अतिशय नम्र असते.

"सर, रजिस्टर्ड ईमेलवरून विनंती पाठवा, लगेच बंद करतो."

"अहो, तो ईमेलच बंद आहे म्हणून तर तुमच्याकडं आलोय."

"समजलं सर. मग आधी ईमेल बदलून घ्या. त्यासाठी जुन्या ईमेलवर एक कोड येईल."

इथं चिडू नका, कारण त्या पोराचं तसं चूक नाही. 'माझा ईमेल गेला, माझ्या खात्याला हा नवा लावा' एवढ्यावर खातं हातात दिलं, तर उद्या कोणीही कोणाच्याही खात्यात घुसेल. खातं ताब्यात देताना ओळख पटवणं रास्तच आहे. गंमत एवढीच की तुम्हाला खातं नकोच आहे. तुम्हाला फक्त पैसे जायचे थांबवायचे आहेत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या कधीही वेगळ्या करू नका, नाहीतर या लेखाचा सगळा उद्देशच फसेल.

उलट नव्या ईमेलवर नवं खातं काढा. त्यात 'कोणतंही सबस्क्रिप्शन चालू नाही' असं दिसेल. त्याचा स्क्रीनशॉट काढून सपोर्टला पाठवला की ते आनंदानं कळवतील, सर, तुमचं सबस्क्रिप्शन चालूच नाही, मग बंद काय करणार? प्रकरण निकालात. सात तारखेला मात्र नेहमीप्रमाणे.

ॲप मोबाईलमधून काढून टाकणं हाही जुना, घरगुती उपाय आहे. त्यानं चिन्ह जातं, पैसे जायचे राहत नाहीत. आणि हे काहीच जमलं नाही तर गुगलवर त्या कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधा, पहिला जो दिसेल तो लावा. समोरचा माणूस इतका मदतीला तत्पर असेल की स्क्रीन शेअरिंगचं एक ॲप घ्यायला सांगेल आणि म्हणेल, रिफंडसाठी पिन टाका. इथपर्यंत पोचलात तर ४९९ रुपयांची चिंता कायमची मिटते, कारण मग चिंता करायला मोठी रक्कम मिळते. त्यानंतर लावायचा तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३०, तोही लगेच, दुसऱ्या दिवशी चहा पिऊन नाही.

आता काय अजिबात करायचं नाही ते सांगतो. हा भाग नीट वाचा, म्हणजे चुकून हातून घडणार नाही.

पासबुक किंवा स्टेटमेंट काढून सात तारखेची ती ओळ वाचू नका. कारण त्या ओळीत पैसे कोणत्या रस्त्यानं गेले ते लिहिलेलं असतं: यूपीआयनं, कार्डानं, की गुगल प्लेमधून. आणि रस्ता कळला की लक्षात येतं की पैसे कापायची परवानगी तुम्ही त्या मेलेल्या ईमेलला कधी दिलीच नव्हती. ती दिली होती बँकेला. बँकेत तुमचं नाव आहे, नंबर आहे, पिन आहे. तिथं तुम्ही जिवंत आहात.

आपल्या उदाहरणात ते ४९९ यूपीआयनं जातात. तेव्हा ज्या यूपीआय ॲपवरून त्या दिवशी मंजुरी दिली होती, ते उघडून कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवू नका. तिथं Autopay नावाचा भाग असतो. आत तुम्ही कधीकाळी मंजूर केलेल्या सगळ्या कपाती ओळीनं दिसतात: कोणाला, किती, केव्हा. क्लासच्या ॲपचं नाव नाही दिसलं तर इथंच हताश होऊन परत या, कारण बरेचदा तिथं ॲपचं नाव नसून मागच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं नाव असतं, आणि रक्कम-तारीख जुळवून बघितली तर ते लगेच ओळखू येतं. त्या ओळीत Cancel किंवा Revoke असतं. ते दाबून यूपीआय पिन टाकला की बँकेचा मेसेज येतो आणि काम संपतं. ईमेल विचारत नाहीत, पासवर्ड विचारत नाहीत, 'का बंद करताय' असं रडवेल्या चेहऱ्याचं चित्रही दाखवत नाहीत. एवढ्या दोन मिनिटांत संपणाऱ्या गोष्टीत माणसाला काय समाधान मिळणार?

आणि हो, दोन-तीन यूपीआय ॲप असतील तर एकातच बघून गप्प बसा. मंजुरी दुसऱ्यातून दिलेली असू शकते, हा विचार मनात आणू नका. ते जुनं यूपीआय ॲप काढून टाकलं असेल तर फारच छान, कारण ॲप गेलं तरी मंजुरी बँकेत तशीच उभी राहते.

पैसे कार्डानं जात असतील तर धोका आणखी मोठा. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेनं असा नियम चालू केला आहे की दर वेळच्या कपातीच्या निदान २४ तास आधी बँकेनं तुम्हाला कळवायचं, आणि ती कपात किंवा सगळी मंजुरीच रद्द करायची सोय द्यायची. हा मेसेज बँकेत नोंदवलेल्या नंबरवर येतो, जुन्या ईमेलवर नाही. म्हणून सहा तारखेला बँकेचा मेसेज आला की न वाचता उडवा, लोनची जाहिरात असेल. पंधरा हजारांपर्यंतच्या ठरलेल्या कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळं हा एक मेसेज सोडला तर तुमच्या शांततेत कोणी व्यत्यय आणणार नाही.

गुगल प्लेचं म्हणाल, तर तिथं सबस्क्रिप्शन मोबाईलच्या गुगल खात्याला चिकटलेलं असतं, ॲपच्या आतल्या लॉगिनशी त्याचा संबंध नाही. त्यामुळं प्ले स्टोअरमध्ये Subscriptions उघडून बघू नका. आणि घेताना वापरलेला जुना फोन कपाटात असेल, काच फुटलेला, पण चार्जिंगला लावला तर अजून सुरू होणारा, तर त्याला मुळीच चार्जिंगला लावू नका. त्यात ते गुगल खातं अजून लॉगिन असायची भीती आहे.

एवढं सगळं सांगूनही कोणी हट्टानं मंजुरी रद्द केलीच, तर त्यानं लगेच फार हुरळून जाऊ नये. पुढची कपात थांबते, पण ॲपमधलं खातं आणि त्यातली मुलीची माहिती तशीच राहते. वर्षभराचा करार हप्त्यानं फेडत असाल, किंवा आधी सेवा आणि मग बिल अशी पद्धत असेल, तर कंपनी बाकी मागू शकते. आणि आधी गेलेले पैसे बँक परत देणार नाही, ते कंपनीकडूनच मागावे लागतात. तेव्हा मात्र 'माझा ईमेल असा होता, स्पेलिंग बहुतेक असं' ही कहाणी सांगत बसा. यूपीआय व्यवहाराचा तो बारा अंकी यूटीआर नंबर, तारीख आणि रक्कम पाठवू नका, कारण त्यावरून त्यांना आपल्या बाजूनं तुमचं खातं शोधता येतं, आणि मग ईमेलचं कारण पुढं करणं त्यांना जरा जड जातं.

तरीही ते 'रजिस्टर्ड ईमेल'वरच अडून बसले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर विसरून जा. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्या तेरा फसव्या युक्त्यांवर बंदी घातली, त्यात सबस्क्रिप्शन बंद करणं अशक्य किंवा किचकट करून ठेवणं हीसुद्धा आहे, हे तिथल्या माणसाला माहीत असतं. आणि मंजुरी रद्द झाल्याचा मेसेज हातात असताना पुढच्या सात तारखेला पुन्हा ४९९ गेलेच, तर तक्रार क्लासच्या ॲपकडं नाही, बँकेकडं करायची असते, लेखी, त्या मेसेजच्या स्क्रीनशॉटसकट. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, फी न भरता. तिथं लॉगिनला तुमचा चालू मोबाईल नंबर लागतो, कुपवाडच्या कंपनीचा नाही.