वेगळी भूमिका घेणाऱ्या निबंधाला गुण देताना

'मतदान सक्तीचे असावे का?' या विषयावरचे निबंध तपासायला बसले की बहुतेक उत्तरपत्रिका दोन गटांत पडतात : असावे म्हणणारे आणि नसावे म्हणणारे. मग एखाद्या निबंधात तिसरीच वाट दिसते. निवडणुकाच नकोत, लोकप्रतिनिधी चिठ्ठ्या टाकून निवडावेत, म्हणजे सक्तीचा प्रश्नच उरणार नाही, अशी त्याची भूमिका असते. अशाच एका निबंधाला आमच्यातल्या एका परीक्षकाने २० पैकी १६ गुण दिले आणि दुसऱ्याने ९. पहिल्याचे म्हणणे, इतका स्वतंत्र विचार क्वचित वाचायला मिळतो. दुसऱ्याचे म्हणणे, निबंधात इतिहासाची ढोबळ चूक आहे, तिकडे डोळेझाक कशी करायची? प्रघात असा की सरासरी काढून १२.५ गुण द्यायचे आणि पुढची उत्तरपत्रिका घ्यायची. मला हा प्रघात अमान्य आहे, कारण ती सरासरी कोणाचेच मत नसते.

परीक्षकांमधली अशी तफावत नवी नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत डीडरिक, फ्रेंच आणि कार्लटन या संशोधकांनी ३०० निबंध वेगवेगळ्या व्यवसायांतल्या ५३ वाचकांकडून नऊ श्रेणींत तपासून घेतले, तेव्हा एकाही निबंधाला पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या नाहीत. मला त्यातला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. वाचकांचे पाच गट पडले होते आणि प्रत्येक गटाचे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे होते : कुणाचे विचारांकडे, कुणाचे मांडणीकडे, कुणाचे लेखकाच्या स्वतःच्या ढंगाकडे, कुणाचे व्याकरण-शुद्धलेखनाकडे, तर कुणाचे शब्दयोजनेकडे. म्हणजे १६ आणि ९ हे एकाच गोष्टीचे दोन अंदाज नव्हेत. दोन परीक्षकांनी दोन निरनिराळ्या गोष्टी मोजल्या आहेत, आणि अशा दोन आकड्यांच्या सरासरीला अर्थ नसतो.

आता तो निबंध जरा जवळून पाहू. निवडणुकीला उभे राहण्यासाठी पैसा, ओळखी आणि वक्तृत्व लागते, चिठ्ठीने ही चाळणी नाहीशी होते, हा त्याचा पहिला मुद्दा. दुसऱ्या मुद्द्यासाठी त्याने प्राचीन अथेन्सचे उदाहरण दिले आहे, आणि तिथली पाचशे जणांची परिषद चिठ्ठीनेच निवडली जात असे हे अगदी बरोबर आहे. त्यानंतर त्याने स्वतःच एक आक्षेप उभा केला आहे : ज्या पदाला कौशल्य लागते तिथे चिठ्ठी कशी चालेल? त्यावर त्याचे उत्तर असे, की अथेन्समध्ये सेनापतीसुद्धा चिठ्ठीनेच निवडले जात.

हे चूक आहे. अथेन्सचे दहा सेनापती हात वर करून घेतलेल्या मतदानाने निवडले जात आणि त्यांना पुन्हापुन्हा निवडून येता येत असे. पेरिक्लिस तर सलग कित्येक वर्षे या पदावर निवडून आला. याउलट परिषदेवर कोणालाही आयुष्यात दोनदाच बसता येई. म्हणजे चिठ्ठीवर इतका विश्वास असलेल्या समाजानेही सैन्याचे नेतृत्व चिठ्ठीवर सोडले नव्हते. निबंधाने आधाराला घेतलेले उदाहरण प्रत्यक्षात आक्षेप घेणाऱ्याच्याच बाजूने उभे राहते.

म्हणून निबंधात चूक आहे की नाही, यापेक्षा ती कुठे बसली आहे, हे मी आधी पाहतो. चुकीच्या वाक्यावर मनातल्या मनात काट मारायची आणि पुढचा युक्तिवाद उभा राहतो का ते पाहायचे. याच निबंधात परिषद पाचशेऐवजी चारशे जणांची लिहिली असती, तर काट मारून काहीच ढासळले नसते. इथे मात्र सर्वांत कठीण आक्षेपाचे उत्तरच नाहीसे होते. पण पहिला मुद्दा या चुकीवर अवलंबून नाही, तो शाबूत आहे, आणि त्याचे गुण कापण्याचा अधिकार परीक्षकाला नाही.

भूमिकेला ४, पुराव्याला ६, युक्तिवादाला ६ आणि मांडणी-भाषेला ४ अशी विभागणी धरली, तर मी या निबंधाला अनुक्रमे ४, ३, ३ आणि ३, एकूण १३ गुण देईन. आकडा सरासरीच्या जवळ आला, हे खरे. पण या १३ गुणांचा हिशेब देता येतो : पुराव्याचे आणि युक्तिवादाचे गुण कुठे गेले हे वाक्यावर बोट ठेवून दाखवता येते. चूक फक्त परिषदेच्या संख्येची असती, तर याच पद्धतीने १७ गुण झाले असते. 'चूक म्हणजे चूक' असे मानणाऱ्या परीक्षकाने मात्र दोन्ही वेळा जवळपास सारखेच गुण कापले असते.

भूमिकेचे चारही गुण मी वेगळेपणासाठी दिलेले नाहीत. भूमिका स्पष्ट आहे, विचारलेल्या प्रश्नाला भिडते आणि तिच्या बाजूने वाद घालता येतो, म्हणून ते दिले. 'मतदान सक्तीचे असावे' म्हणणाऱ्यालाही ते तितकेच खुले आहेत. अमेरिकेत शाळेतले विद्यार्थी महाविद्यालयीन पातळीची एपी परीक्षा देतात, तिच्या इंग्रजी भाषेच्या विषयात २०१९-२० पासून निबंधाला ६ गुण असतात : समर्थन करता येईल अशा भूमिकेला १, पुरावा आणि त्यावरच्या भाष्याला ४ आणि विचाराच्या परिपक्वतेला १. परीक्षकाला भूमिका पटली का, याला तिथे गुण नाही. हे प्रमाण मला योग्य वाटते. रुळलेल्या भूमिकेचे आक्षेप आणि उत्तरे तयार मिळतात, तर वेगळी भूमिका घेणाऱ्याला आक्षेप स्वतः शोधावे लागतात; त्या कष्टाचे मोल युक्तिवादाच्या गुणांत व्हावे. या निबंधाने कौशल्याचा आक्षेप कोणी न विचारता स्वतः मांडला, म्हणूनच उत्तर फसूनही युक्तिवादाला ३ गुण राहिले.

वेगळेपणाला स्वतंत्र गुण ठेवले की काय होते, तेही दिसते. पहिल्या परिच्छेदात एक धक्कादायक वाक्य येते आणि उरलेला निबंध नेहमीचाच राहतो. हे ओळखण्याची खूण सोपी आहे : ते वाक्य काढून तिथे अगदी उलट भूमिका ठेवून पाहावी. बाकीचे परिच्छेद एक शब्दही न बदलता चालून गेले, तर निबंधाने कुठलीच भूमिका घेतलेली नाही.

मला सर्वांत जास्त बोचते ती मात्र वेगळीच गोष्ट. अपरिचित विधान वाचले की आपण थांबतो, ताडून पाहतो. परिचित विधान वाचताना पेन नुसते पुढे सरकते. 'अथेन्समध्ये सगळे लोक राज्यकारभारात भाग घेत' हे वाक्य कितीतरी निबंधांत येते. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले रहिवासी यांना तिथे मताचा अधिकारच नव्हता, तरी त्या वाक्याखाली लाल रेघ क्वचितच दिसते. सेनापतींच्या चुकीचे गुण जाणार असतील, तर ज्या निबंधाचा मुद्दा या वाक्यावर उभा आहे त्याचेही तितकेच गेले पाहिजेत. नाही तर अचूकतेच्या नावाखाली आपण चाकोरीलाच गुण देत असतो.

अर्थात प्रत्येक उदाहरण परीक्षकाला ठाऊक असेलच असे नाही, आणि उत्तरपत्रिकांच्या ढिगासमोर पडताळणीला वेळही नसतो. अशा वेळी नुसत्या संशयावरून गुण कापू नयेत. समासात खूण करावी, आणि त्या एका विधानावर निबंधाचा मुख्य मुद्दा उभा असेल, तर उत्तरपत्रिका परीक्षकांची तपासणी पुन्हा पाहणाऱ्या नियामकाकडे पाठवावी. सोबत आपला आकडा कळवू नये, फक्त शंका नेमकी कोणत्या वाक्याबद्दल आहे ते लिहावे.